दोन सेटमध्ये किती थांबायचं?

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या काहीजणी जिममध्ये जातो. खांद्यावर बार घेऊन स्क्वाट केला की मांड्या, नितंब, पाठ सगळंच राबतं. झटक्यात जोर लावायला स्नायूंत साठलेली शक्ती पुन्हा भरायला तीनेक मिनिटं लागतात. 40 किलोचे पाच स्क्वाट करून मिनिटभरच थांबलो, तर तिसऱ्या सेटला तीनच निघतात, आणि दमलेली पाठ वाकते. दुखापत तिथेच होते. तीन मिनिटं थांबलं की पाचही नीट होतात. डंबेलनं कोपर वाकवताना मात्र दंडाचाच स्नायू राबतो; तिथे मिनिट-दीड मिनिट पुरतं. घड्याळ लावाच, गप्पांत दहा मिनिटं जातात! आकडा घसरला, तर वजन उतरवण्याआधी पुढच्या वेळी अर्धा मिनिट जास्त थांबून बघा.