सीसीमध्ये साहेब

उदाहरणासाठी चाकणचा एक कारखाना घेऊ. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपने तिथे 10 फेब्रुवारीला ब्रॅकेट पाठवले. बिल 500 नगांचं, 200 रुपये दराने एक लाख आणि जीएसटी धरून 1,18,000 रुपये. स्टोअरने मोजले तर 480च भरले, म्हणून जीआरएन 480चा झाला. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय अकाउंट्सवाले पेमेंट सोडत नाहीत, त्यामुळे बिल अडकलं. पर्चेसमधल्या मुलीने विचारलं, "पेमेंट कधी?" अकाउंट्समधल्या मुलाने कळवलं, "जीआरएन जुळत नाही, बघतो." आठवड्याने तिने पुन्हा आठवण केली. त्यावर त्याचं उत्तर आलं तेव्हा सीसीच्या ओळीत एक नवं नाव होतं: फायनान्स हेड.

नोकरी करणाऱ्या कुणालाही पुढचं सांगायला नको. मजकूर वाचण्याआधीच पोटात गोळा येतो. आपल्यात चाललेलं साधं बोलणं वर गेलं, म्हणजे आपली तक्रार झाली, असंच मन धरून चालतं. हा नुसता मनाचा खेळ नाही. डेव्हिड डी क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच सवयीचा अभ्यास केला. सहकाऱ्याला लिहिताना वरिष्ठांना जितक्या वारंवार सीसीत ठेवावं, तितकं त्या सहकाऱ्याला आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं, हा त्यातला निष्कर्ष त्यांनी 2017 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडला होता. पाठवणारा म्हणतो, मी पारदर्शकता ठेवली. वाचणाऱ्याला मात्र पहारा बसल्यासारखं वाटतं.

खरं तर सीसी ही बिनबोभाट सोय. ज्यांना मजकूर उद्देशून नाही पण ज्यांच्यापर्यंत तो पोहोचावा, त्यांच्यासाठी ती ओळ आहे, एवढंच ईमेलच्या तांत्रिक नियमांत म्हटलेलं आहे. आपल्या सरकारी पत्रांच्या तळाशीही 'प्रत माहितीस्तव' असते. ती पाहून तहसील कचेरीतल्या कुणाला घाम फुटत नाही, कारण ती पहिल्या पत्रापासूनच असते. ईमेलमध्ये खटकतं ते नाव मध्येच उगवणं. तिसऱ्या मेलपर्यंत दोघंच होतो, चौथ्यात तिसरा आला, तर मधे काय घडलं?

त्याचं उत्तर बहुतेक वेळा मेलच्या मजकुरातच सापडतं. एकच गोष्ट तपासायची: हा मेल कुणाला समजावं म्हणून लिहिला आहे? तक्रारीचा मेल असता तर अकाउंट्समधल्या मुलाने अशी सुरुवात केली असती: "ॲज पर ट्रेलिंग मेल्स, 21 फेब्रुवारीला आम्ही तफावत कळवली होती. 28 तारखेला पुन्हा फोन केला. अद्याप आपल्याकडून दुरुस्त बिल आलेलं नाही. काइंडली नोट." या तारखा पर्चेसच्या मुलीला पाठच आहेत, तिला त्या सांगायची गरज काय? ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच ती पहिल्यापासून सांगितली जाते, तेव्हा ऐकणारा दुसराच कुणी असतो. कालपर्यंतचं 'अगं, बघ ना जरा' आज 'आपल्या विभागाकडून' झालं असेल, तर तोही त्याचाच भाग. ही फाइल तयार होते आहे, असं खुशाल समजावं.

पण आपल्या मेलमध्ये तसं काही नव्हतं. त्यात लिहिलं होतं: "सर, 480 नगांचे 1,13,280 रुपये आता सोडायला मंजुरी हवी आहे. उरलेल्या 20 नगांच्या 4,720 रुपयांची डेबिट नोट काढतो. पुरवठादार उद्यम नोंदणीतला आहे, मुदत 27 मार्चला संपते." यात तारीख एकच, तीही पुढची. मागच्या तारखा दोष ठेवायला लागतात, पुढच्या काम करायला.

त्या 27 मार्चमागे कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला आणि लेखी करार असला, तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांतच. मुदत चुकली तर व्याज लागतं. शिवाय 2023च्या वित्त कायद्याने आयकरात भर घातली: मुदत टळली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, ज्या वर्षी पैसे जातील त्याच वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये फायनान्स हेडचं नाव भलभलत्या छोट्या बिलांच्या मेलमध्ये दिसू लागतं. तिला ही तक्रार वाटली, पण तो होता कॅलेंडरचा परिणाम.

आता कुणी म्हणेल, मंजुरी हवी होती तर साहेबांना 'टू'मध्ये का नाही घेतलं? बरोबर आहे, तिथेच घ्यायला हवं होतं. पण आपल्याकडे वरिष्ठांकडून काही करून घ्यायचं असलं तरी थेट मागायला संकोच वाटतो, मग त्यांना सीसीत बसवून 'सर' म्हणून हाक मारली जाते. यात गोंधळ असा, की सीसीत असलेला माणूस 'माहितीसाठी आलं' म्हणून मेल बाजूला ठेवतो, मंजुरी रखडते आणि ज्याच्यासाठी मेल नव्हताच तो मात्र रात्रभर तळमळतो. "मंजुरीसाठी सरांना जोडत आहे" एवढी एक ओळ वर टाकली असती, तर दोन्ही टळलं असतं. न सांगता घातलेलं नाव संशय वाढवतं, मग हेतू कितीही सरळ असो.

अर्थात प्रत्येक मेलमधून हेतू वाचता येईलच असं नाही. रजेवर जाणारा माणूस जबाबदारी सोपवताना वरिष्ठांना जोडतो. कधी वरिष्ठांनीच "मला सीसीत ठेव" म्हटलेलं असतं. कधी पत्त्याचं पहिलं अक्षर टाइप केल्यावर मशीनने सुचवलेलं चुकीचं नाव नजरचुकीने बसतं. नेमकं कोण आलं, यावरूनही थोडं कळतं. पाठवणाऱ्याने स्वतःचे साहेब जोडले तर बहुधा मंजुरी हवी असते किंवा पाठीशी कुणी हवं असतं. तुमचे साहेब जोडले, तेही एक ओळ न लिहिता, तर गोड अर्थ शोधत बसू नका.

दोन्ही प्रकारांत पहिलं काम फोनचं. एक्स्टेंशन फिरवून "सरांना कशासाठी घेतलं रे?" विचारावं. दहा मिनिटांत 'रिप्लाय ऑल' करून स्वतःची बाजू मांडली, तर साधी मंजुरीही भांडण होऊन बसते. फोननंतर त्याच मेलवर सगळ्यांना थोडक्यात उत्तर द्यावं: काय अडलंय, कोण करणार, कधीपर्यंत. आणि जीआरएन पुन्हा जोडावा. मेलला उत्तर देताना आधीची अटॅचमेंट सहसा पुढे जात नाही. नव्याने आलेल्या साहेबांना खाली लटकलेली सगळी बोलणी दिसतात, पुरावा तेवढा दिसत नाही. तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये वैतागून लिहिलेलं "स्टोअरवाल्यांचं नेहमीचंच आहे" हेही त्यांना दिसतं.

काम मार्गी लागलं की साहेबांना बाहेर काढायला हरकत नाही, मात्र गुपचूप काढू नये. "मंजुरी मिळाली, आभार. पुढच्या तपशिलासाठी सरांना बीसीसीत टाकते," असं लिहून त्यांचं नाव बीसीसीत ढकलावं. तो मेल त्यांना मिळतो, पुढची उत्तरं त्यांच्याकडे जात नाहीत. सुरुवातीपासूनच साहेबांना बीसीसीत लपवून ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यांनी एकदा चुकून 'रिप्लाय ऑल' दाबलं, की ते आत होते हे सगळ्यांना कळतं.