मायक्रोमीटर पडला, पुढे काय?

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग करणारे शेकडो कारखाने आहेत. त्यातल्या अनेकांच्या मशीन शॉपमध्ये एक ठरावीक सूचना दिसते: ‘खराब अथवा मुदत संपलेली मोजमापाची साधने वापरू नयेत. आदेशावरून.’ सूचना बरोबर आहे. पण रात्रपाळीत एखाद्या ऑपरेटरच्या हातून मायक्रोमीटर निसटून लाद्यांवर पडला, तर या ओळीचा त्याला काडीचा उपयोग होत नाही. मायक्रोमीटर खराब झाला की नाही हे त्याने कसे ओळखायचे? झाला असेल तर तो कुठे ठेवायचा? आणि मशीन चालू असताना, दर काही मिनिटांनी नवा जॉब बाहेर येत असताना, त्याच्या जागी मोजायला काय घ्यायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे सूचनेत नसतील, तर ऑपरेटर तोच मायक्रोमीटर उचलतो, पुसतो, झिरो सेट करतो आणि कामाला लागतो.

खरी अडचण या झिरो सेट करण्यात आहे. मायक्रोमीटरची दोन तोंडे, म्हणजे ॲन्व्हिल आणि स्पिंडल, एकमेकांना टेकवली की शून्य दिसायला हवे. पडल्यावर ते ०.००८ दाखवू लागले, तर डिजिटल मायक्रोमीटरवर एक बटण दाबून ते पुन्हा शून्यावर आणता येते. त्यामुळे दिसणारा दोष नाहीसा होतो, मायक्रोमीटर मात्र नीट झालेला नसतो. फ्रेम किंचित वाकली असेल किंवा तोंडाचा कोपरा टवका उडून गेला असेल, तर शून्यावर सगळे ठीक दिसते आणि २० मिलिमीटरवर माप चुकते.

म्हणूनच स्टँडर्ड रूममध्ये मायक्रोमीटर तपासताना शून्यावर थांबत नाहीत. ० ते २५ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरसाठी अचूक जाडीचे पोलादी ठोकळे, म्हणजे स्लिप गेज, वापरतात आणि त्यांची मापे मुद्दाम विचित्र असतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असे करत २५ पर्यंत. स्पिंडल एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो. सगळे ठोकळे पूर्ण फेऱ्यांच्या मापाचे घेतले, तर स्पिंडल दर वेळी एकाच कोनात थांबेल आणि आट्याच्या दुसऱ्या बाजूचा दोष कधीच पकडला जाणार नाही. या मापांमुळे तो वेगवेगळ्या कोनांत थांबतो. ही तपासणी मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला करता येत नाही आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नाही. त्याने करायचे एवढेच, की साधन जसे सापडले तसे पुढे द्यायचे. काही दुरुस्त करायचे नाही.

‘जसे सापडले तसे’ याचे मोल कळण्यासाठी हबल दुर्बिणीचे उदाहरण पाहावे. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि दोन महिन्यांतच तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाचा आकार चुकल्याचे उघड झाले. आरसा अमेरिकेतल्या डॅनबरी येथे १९८१ मध्येच घासून पूर्ण झाला होता. तो घासताना ज्या प्रकाशीय उपकरणाने मोजला, ते उपकरण सुदैवाने कोणी मोडले किंवा जुळवले नव्हते. जसेच्या तसे ठेवलेले होते. चौकशी समितीने ते तपासले, तेव्हा त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलेले सापडले. दुसऱ्या दोन तपासण्यांनी आधीच धोक्याची खूण दाखवली होती. पण त्या कमी अचूक समजून बाजूला सारल्या गेल्या होत्या. उपकरण जपून राहिल्यामुळे चूक नेमकी किती आणि कशामुळे, हे सांगता आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीचे आरसे असलेली उपकरणे बसवली, त्यामागच्या गणितात या मोजणीचाही उपयोग झाला. ते उपकरण कोणी ‘नीट’ करून ठेवले असते तर हा पुरावा उरला नसता.

आता कारखान्याकडे वळू. तिथे लावायची सूचना साधारण अशी असावी:

‘मशीन शॉप, असेंब्ली आणि तपासणी विभागातील सर्वांसाठी. मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज, प्लग गेज किंवा कोणतेही मोजमापाचे साधन पडले, आपटले, अडकत असेल किंवा त्याचे माप शंकास्पद वाटले, तर त्याचा वापर लगेच थांबवा. झिरो सेट करू नका, उघडू नका, घासू नका. त्याला लाल टॅग तारेने बांधा आणि शिफ्ट सुपरवायझरकडे द्या. साधनावरील स्टिकरची तारीख उलटून गेली असेल, तर पिवळा टॅग बांधून तसेच द्या. सुपरवायझर ते कुलपाच्या कपाटात ठेवतील आणि त्या जागी तपासलेले दुसरे साधन देतील. दुसरे साधन मिळेपर्यंत त्या मापाचे जॉब पुढे पाठवू नका. साधन पडल्याचे सांगितल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही. स्वतःचे, घरून आणलेले साधनही यादीत नोंदवल्याशिवाय वापरू नये.’

टॅगवरचा मजकूर याहून लहान: ‘वापरू नका. साधन क्रमांक, तारीख व वेळ, मशीन, काय झाले, शेवटचा कोणता जॉब मोजला, टॅग बांधणाऱ्याची सही.’ यातली सगळ्यात उपयोगी जागा शेवटच्या जॉबची आहे. बाकी माहिती दुसऱ्या दिवशीही शोधता येते. ही फक्त त्या क्षणी त्या माणसालाच ठाऊक असते.

सूचनेतल्या बारीकसारीक गोष्टींना कारणे आहेत. टॅग चिकटवायचा नसतो, बांधायचा असतो; कारण कूलंट आणि तेलाने स्टिकर एका पाळीत सुटतो आणि लाल खूण नसलेला खराब मायक्रोमीटर पुन्हा टेबलावर फिरू लागतो. लहान प्लग गेजला तार बांधायला जागा नसते, तेव्हा ते छोट्या डबीत घालून टॅग डबीला बांधतात. कपाटाला कुलूप हवे, कारण घाईच्या वेळी ‘तात्पुरता’ म्हणून माणूस तिथूनही साधन उचलतो. घरून आणलेल्या साधनाचा उल्लेखही तितकाच गरजेचा आहे. अनेक जुन्या कामगारांच्या खिशात स्वतःचा व्हर्निअर असतो, त्यावर त्यांचा विश्वासही असतो आणि त्याची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नसते. कारवाई न करण्याचे वाक्य मात्र काही व्यवस्थापकांना रुचत नाही. ते गाळले की पडलेली साधने गुपचूप जागेवर जातात, आणि पडल्याबद्दल दंड लावणाऱ्या कारखान्यात लाल टॅग दिसतच नाहीत.

टॅग बांधल्यानंतरचे काम सुपरवायझरचे आणि क्वालिटी विभागाचे. ते कसे चालते हे पाहायला एक प्रसंग घेऊ. सीएनसी लेथवर २० मिलिमीटरचा शाफ्ट होतो आहे. ड्रॉइंगप्रमाणे त्याचा व्यास १९.९७९ ते २०.००० यांच्यामध्ये हवा, म्हणजे एकूण सूट २१ मायक्रॉन. सकाळी सातला पाळी सुरू होताना मायक्रोमीटर मास्टरवर तपासला, तेव्हा बरोबर होता. दुपारी साडेतीनला लाल टॅग लागला आणि स्टँडर्ड रूममध्ये २० मिलिमीटरवर तो ८ मायक्रॉन जास्त दाखवतो असे आढळले. कधी आपटला, नक्की कोणालाच माहीत नाही.

याचा अर्थ, मायक्रोमीटरने १९.९७९ दाखवले तेव्हा शाफ्ट खरा १९.९७१ होता, म्हणजे बारीक, नापास. तपासणी पत्रकावर १९.९८७ किंवा त्याहून जास्त नोंद असलेले जॉब बहुधा पास होतील. त्याखालचे नोंदलेले जॉब संशयित. उलट बाजूही विसरून चालत नाही. २०.००५ दिसला म्हणून ऑपरेटरने ज्या जॉबवर पुन्हा कट घेतला, तो मुळात १९.९९७ म्हणजे चांगला होता. दुसऱ्या कटने कदाचित बिघडला. शिवाय ऑपरेटर मापे पाहून मशीनचा ऑफसेट बदलतो. त्याने मध्यावर, १९.९९० वर, आणून ठेवलेले मशीन खरे तर १९.९८२ ला, खालच्या सीमेजवळ, चालत होते.

हे गणित कुठून शोध सुरू करायचा एवढेच सांगते. साधारणपणे प्रत्येक जॉब मोजत नाहीत, ठरावीक संख्येनंतर एक मोजतात; मग मधल्या जॉबची नोंदच नसते. आणि चूक सगळीकडे सारखी ८ मायक्रॉन असेल याचीही खात्री नाही. तोंडाचा टवका उडाला असेल, तर जॉब कुठे टेकला त्यावर माप बदलते आणि वजाबाकी निरर्थक ठरते. म्हणून सातपासूनचा सगळा लॉट होल्डवर ठेवून चांगल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजणे हाच मार्ग. इथेच सकाळच्या मास्टर तपासणीचा फायदा कळतो. तिच्यामुळे संशय साडेआठ तासांच्या मालापुरता राहिला. तशी रोजची नोंद नसती, तर शेवटच्या कॅलिब्रेशनपर्यंत, कधी सहा महिने, कधी वर्षभर मागे जावे लागले असते.

नेमका हाच प्रश्न आयएसओ ९००१ हे मानक विचारते: साधन अयोग्य आढळले, तर त्याने आधी घेतलेली मापे बिघडली का हे ठरवा आणि योग्य ती पावले उचला. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ आणखी पुढे जाते. संशयित माल ग्राहकाकडे रवाना झाला असेल, तर ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. हा फोन करणे कोणालाही जड जाते. पण असेंब्ली लाइनवर शाफ्ट सैल बसल्याचे ग्राहकाने आधी शोधून काढले, तर एका लॉटऐवजी कारखान्याच्या सगळ्याच मालावर संशय येतो.

पिवळ्या टॅगचा हिशेब वेगळा आहे. तारीख उलटली म्हणजे साधन चुकीचे झाले असे नाही. ते बरोबर आहे याचा आज पुरावा नाही, इतकेच. म्हणून माल लगेच होल्ड करावा लागत नाही, फक्त साधनाचा वापर थांबतो. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे ते पाठवताना मागणीपत्रात आवर्जून लिहावे लागते, की जुळवण्याआधीची मापे अहवालात द्या. हे लिहिले नाही, तर काही वेळा साधन नीट करून चकचकीत प्रमाणपत्रासह परत येते आणि आधी ते कसे होते हे कायमचे अंधारात राहते. आधीची मापे मर्यादेत असतील, तर टॅग काढून नवा स्टिकर लावायचा. मर्यादेबाहेर असतील, तर पिवळ्याचा लाल होतो आणि वरचा सगळा शोध मागच्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून सुरू करावा लागतो. असे दुसऱ्यांदा घडले, तर त्या साधनाची तपासणीची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणणे शहाणपणाचे.

कपाटातल्या साधनांची आठवड्यातून एकदा रजिस्टरशी पडताळणी करायची. प्रत्येकासमोर निर्णय लिहायचा: दुरुस्ती, ढोबळ कामासाठी बदली किंवा भंगार. ढोबळ कामाला दिलेल्या साधनावर ते फक्त कशासाठी वापरायचे हे कोरून ठेवावे. भंगारात काढलेल्या मायक्रोमीटरची फ्रेम कापूनच बाहेर पाठवायची आणि त्याचा क्रमांक यादीत लाल शाईने खोडायचा. तो क्रमांक पुन्हा कोणत्याही नव्या साधनाला देत नाहीत.