नांदेड ते लातूर, मार्गे शिरूर ताजबंद

एसटीच्या पाटीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि ‘मार्गे’ हा शब्द बारीक अक्षरात. नांदेडच्या स्थानकात लातूरच्या गाडीकडे धावणारा माणूस मोठी अक्षरं वाचून आत चढतो. मधल्या एखाद्या गावाला उतरायचं असेल तोच बारीक अक्षरांकडे बघतो, कारण दोन टोकं तीच राहिली तरी मार्गे बदलतो. लोहा, अहमदपूर, चाकूर हा सरळ रस्ता सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या खालोखालचा कोणता, आणि त्याच्याही खालोखालचा कोणता, हा प्रश्न मात्र दिसतो तेवढा सोपा नाही.

सर्वांत जवळचा रस्ता काढण्याची रीत एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली छापली. ‘पहिले तीन’ किंवा ‘पहिले दहा’ रस्ते काढण्याच्या रीती त्याच सुमाराला निघाल्या, पण जितके जास्त रस्ते मागावेत तितका त्यांच्या हिशेबाचा पसारा हाताबाहेर जाई. जिन येन यांनी १९७१ च्या जुलैमध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात अवघ्या पाच पानांत तो आटोक्यात आणला. त्यांच्या रीतीत काम मागितलेल्या रस्त्यांच्या प्रमाणातच वाढतं: दुप्पट रस्ते हवे असतील तर दुप्पट काम. आज ‘येनची रीत’ म्हणून ओळखली जाते ती हीच.

ती समजून घ्यायला कागदावर एक लहान नकाशा पुरतो. त्यात नऊ गावं घेऊ आणि प्रत्येक तुकड्याला लागणारी मिनिटं सोयीसाठी गोल आकड्यांत धरू. घड्याळ लावून मोजलेले हे आकडे नव्हेत. नांदेड–लोहा ४०, लोहा–अहमदपूर ४५, अहमदपूर–शिरूर ताजबंद १५, तिथून चाकूर २०, चाकूर–लातूर ४०. हा झाला हमरस्ता. आता आडवाटा: नांदेडहून थेट कंधार ६५, लोहा–कंधार २०, कंधार–मुखेड ४५, मुखेड–शिरूर ४५, मुखेड–उदगीर ५५, शिरूर–उदगीर ४५ आणि उदगीर–लातूर ७५. अहमदपूरहून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता आहे, नांदेडहून नायगाव-नरसीकडूनही मुखेडला जाता येतं. पण हिशेब हातावर मावावा म्हणून ते बाजूला ठेवले आहेत.

पहिला क्रमांक उघड आहे. हमरस्त्याने १६० मिनिटं.

दुसरा काढताना एक गंमत होते. फक्त ‘१६० च्या खालोखालचा प्रवास’ असं विचारलं तर उत्तर येतं १९० मिनिटांचं: नांदेड, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, परत अहमदपूर, पुन्हा शिरूर, मग चाकूर, लातूर. शिरूरपर्यंत जाऊन काहीतरी विसरलं म्हणून मागे फिरलेल्या माणसाचा हा प्रवास. त्यानंतर २०० मिनिटांचे दोन: एकात लोह्याहून कंधारला जाऊन परत लोह्याला येणं, दुसऱ्यात शिरूर आणि चाकूर यांच्यात एक जास्तीची फेरी. असे तीन निरर्थक हेलपाटे खऱ्या दुसऱ्या रस्त्याच्या आधी रांगेत येऊन उभे राहतात. म्हणून अट घालावी लागते, की एका गावातून एकदाच जायचं. लिहायला ही अट एका ओळीची आहे, पण गणिताला ती चांगलीच जड जाते. फेऱ्या चालत असतील तर बरंच जलद उत्तर मिळतं. डेव्हिड एपस्टाइन यांची १९९८ सालची रीत तसं ते काढून देते. फेऱ्या नको म्हटलं की मात्र येनसारखं फाट्या-फाट्यावर थांबत जावं लागतं.

थांबायचं ते असं. पहिला रस्ता हातात धरायचा आणि त्यावरच्या प्रत्येक गावी विचारायचं: इथपर्यंत तसंच आलो, पण इथून पुढचा नेहमीचा तुकडा घ्यायचा नाही, तर लातूर कसं गाठू? गावापर्यंतचा भाग कायम राहतो, त्याला मूळ म्हणू. त्यापुढचा नवा भाग म्हणजे फाटा. फाटा काढताना दोन बंधनं असतात. नेहमीचा पुढचा तुकडा बंद, आणि मुळात येऊन गेलेली गावंही बंद. उरलेल्या नकाशावर डायक्स्ट्राची जुनी रीत चालवून सर्वांत जवळचा फाटा घ्यायचा, मुळाला जोडायचा आणि तयार झालेला रस्ता उमेदवार म्हणून बाजूला ठेवायचा.

नांदेडलाच फुटायचं, म्हणजे लोह्याचा तुकडा बंद. उरतं कंधार. कंधारहून लोह्याला येऊन पुढे हमरस्ता धरला तर २०५ मिनिटं. मुखेडकडून गेलं तर २१५. उमेदवार म्हणून २०५ चा रस्ता ठेवला. लोह्याला फुटायचं तर अहमदपूर बंद आणि नांदेडला परत जाणं बंद. मग लोहा, कंधार, मुखेड, शिरूर, चाकूर, लातूर असे २१०. अहमदपूरला फुटायचं तर शिरूर बंद आणि मागचं लोहा बंद. आपल्या नकाशात तिथून दुसरी वाट नाही, तेव्हा हात हलवत परत. शिरूरला चाकूर बंद केलं की उदगीरकडून २२०. चाकूरला पुन्हा काहीच नाही. पाच थांबे झाले आणि तीन उमेदवार जमले: २०५, २१०, २२०. सर्वांत कमी २०५, तोच दुसरा क्रमांक.

हा खरोखरच दुसरा, याची खात्री काय? पहिल्याखेरीज लातूरला जाणारा कुठलाही रस्ता घ्या. तो पहिल्या रस्त्याबरोबर काही अंतर जातो आणि कुठेतरी एका गावी वेगळा होतो. वेगळं होण्याच्या गावाप्रमाणे सगळ्या रस्त्यांचे गठ्ठे पडतात. कुठलाही रस्ता दोन गठ्ठ्यांत जात नाही आणि कुठलाही बाहेर राहत नाही. प्रत्येक गठ्ठ्यातला सर्वांत जवळचा रस्ता आपण काढून ठेवलेला आहे. तेव्हा त्यांतला सर्वांत लहान तोच उरलेल्या सगळ्यांत लहान. कंधारवरून मुखेडला जाणारा २१५ चा रस्ता सध्या दिसत नाही. तो नांदेडच्या गठ्ठ्यात २०५ च्या मागे दडलेला आहे. २०५ बाहेर काढला की तो गठ्ठा आणखी फोडायचा.

तेच पुढचं काम. दुसऱ्या रस्त्यावर कंधारला थांबून लोह्याचा तुकडा बंद केला की दडलेला २१५ लगेच वर येतो. शिरूरला थांबलं तर उदगीरवरून २६५ चा एक लांबलचक उमेदवार मिळतो. बाकी थांब्यांवर वाट नाही. आता पेटीत चौघे: २१०, २१५, २२०, २६५. जुने उमेदवार फेकायचे नसतात. या वेळचा विजेता पहिल्या फेरीतलाच निघाला, २१० चा.

चूक बहुधा इथून पुढे होते. तिसरा रस्ता नांदेड, लोहा, कंधार असा जातो. त्यावर लोह्याला थांबल्यावर साहजिकच कंधारचा तुकडा बंद करावासा वाटतो. तेवढंच केलं तर फाटा निघतो अहमदपूरकडून, आणि हाती येतो १६० मिनिटांचा रस्ता, म्हणजे पहिलाच. नियम असा आहे, की आतापर्यंत निवडलेल्या रस्त्यांपैकी ज्या ज्या रस्त्यांचं मूळ तेच आहे, त्या सगळ्यांचा पुढचा तुकडा बंद करायचा. लोह्यापर्यंत पहिला आणि तिसरा दोघेही एकाच मुळाचे. दोघांचेही तुकडे बंद, आणि मग तिथून वाट नाही हे खरं उत्तर मिळतं. ही चूक ओळखायला सोपी आहे: यादीतला एखादा रस्ता आधीच्यापेक्षा लहान निघाला, किंवा तोच रस्ता दोनदा आला, की कुठलातरी तुकडा बंद करायचा राहिला. दुसरी चूक मुळातली गावं बंद न करण्याची. मग अहमदपूरच्या थांब्यावर ‘वाट नाही’ म्हणण्याऐवजी गाडी लोह्याला परत येते आणि कंधार-मुखेडकडून ३०० मिनिटांनी लातूरला पोचते. एकच गाव दोनदा आलं की समजावं.

१९७२ साली यूजीन लॉलर यांनी यातली एक फुकटची मेहनत वाचवली. तिसरा रस्ता पहिल्यापासून लोह्याला फुटलेला आहे. मग नांदेडला पुन्हा थांबून काय मिळणार? तिथली चौकशी आधीच झालेली. प्रत्येक रस्त्याबरोबर तो कुठे फुटला एवढी नोंद ठेवायची आणि तिथूनच पुढे थांबे घ्यायचे. उत्तर तेच येतं, डायक्स्ट्राच्या फेऱ्या कमी होतात.

खऱ्या नकाशावर हे सगळं हाताने करायची गरज नाही. पायथनच्या नेटवर्कएक्स संचात `shortest_simple_paths` हे येनच्या रीतीवर बेतलेलं आहे. रस्त्यांची माहिती पोस्टग्रेसमध्ये ठेवणाऱ्यांना पीजीराउटिंगमधलं `pgr_KSP` मिळतं. पण बारीक नकाशा टाकला की नवा माणूस चक्रावतो. गल्ल्या, सेवारस्ते, पुलाखालची वळणं असा नकाशा असेल तर पहिले दहा रस्ते बहुधा एकाच हमरस्त्याचे दहा अवतार निघतात: कुठे पंपापाशी सेवारस्त्यावर उतरून दोनशे मीटरवर परत वर चढलेला, कुठे गावातला एक चौक सोडून पुढच्या चौकात वळलेला. रीत चुकत नाही. तिला ‘वेगळा’ म्हणजे एका तुकड्याने वेगळा एवढंच कळतं, आणि तेच तिला विचारलेलं असतं. वर, हजारभर चौकांच्या रस्त्यावर एका उत्तरासाठी हजारभर थांबे घ्यावे लागतात. म्हणून जाणकार आधी गावपातळीचा विरळ नकाशा करतात, किंवा पन्नासेक रस्ते मागून पहिल्याशी फार जुळणारे गाळून टाकतात.

आपल्या नऊ गावांतही हेच दिसतं. दुसरा क्रमांक फक्त पहिल्या टप्प्यात वेगळा आहे. लोहा–अहमदपूर रस्ता बंद पडला तर पहिल्याबरोबर तोही जातो आणि उपयोगी पडतो तो तिसरा. अर्थात कोणता तुकडा बंद आहे हे आधीच माहीत असेल तर येनच्या वाटेला जायचं कारणच नाही. तो तुकडा पुसून डायक्स्ट्राची रीत एकदा चालवावी. पुढचे क्रमांक बघा: चौथा २१५ चा, कंधार-मुखेडकडून, पाचवा २२० चा, उदगीरवरून. पाचही रस्ते शिरूर ताजबंदवरून जातात. त्या गावाला न शिवणारा पहिला रस्ता सहाव्या क्रमांकावर येतो: नांदेड, लोहा, कंधार, मुखेड, उदगीर, लातूर, २३५ मिनिटं.

रेल्वेच्या नकाशावर तर याहून टोकाची तऱ्हा. नांदेडहून लातूरला रुळावरून पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असं जाता येतं. तो मार्ग सोडून, एका स्थानकातून एकदाच जाण्याची अट पाळून पुढचा शोधायला गेलं की मुदखेड, निजामाबाद, सिकंदराबाद, विकाराबाद, बीदर, उदगीर असा वळसा पडतो. गाडी तेलंगणात उतरते, कर्नाटकातून वर येते आणि शेवटी लातूर रोडलाच, पण उलट्या बाजूने, पोचते.