वेटिंग २२ : पुढे किती जण, मागे किती आशा?

गणपतीला गावी जायचं तिकीट हाती येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं GNWL 48/WL 22. यातला पहिला आकडा तिकीट काढलं त्या क्षणाचा, तर दुसरा आजचा. म्हणजे रांग तेव्हापासून २६ने पुढे सरकली आहे. बघायचा तो दुसराच आकडा.

ही रांग सरकते कशी? समजा, या गाडीत तुमच्या वर्गाचे ४० प्रवासी आरएसीत आहेत. आरएसी म्हणजे बसायची जागा पक्की, झोपायची नाही. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना अर्धी-अर्धी जागा मिळते, भाडं मात्र दोघांनाही पूर्ण! आता कन्फर्म तिकीटवाल्या एकाने प्रवास रद्द केला, की त्याचा बर्थ आरएसीतल्या पहिल्याला मिळतो, त्याची अर्धी जागा मोकळी होते आणि वेटिंग १ आरएसीत शिरतो. एका रद्द तिकिटाने सगळी रांग एक पाऊल पुढे जाते. तुमच्या पुढचा वेटिंगवाला कंटाळून निघून गेला, तरी तुम्ही एकाने पुढे येता. तेव्हा २२ नंबरवाल्याला आरएसी मिळायला पुढून २२ जण गळायला हवेत, आणि पूर्ण बर्थ मिळायला ६२. ‘वेटिंग २२च आहे, होईल कन्फर्म’ म्हणणारे हे मधले ४० सोयीस्कर विसरतात.

आकड्याइतकीच त्याच्या आधीची अक्षरंही महत्त्वाची. GNWL ही बहुधा गाडी सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासहून चढणाऱ्यांची रांग. तिचा कोटा मोठा, म्हणून रद्द होणारी तिकिटंही जास्त. RLWL मधल्या मोठ्या स्थानकांची, तर PQWL अनेक लहान स्थानकांनी मिळून वाटून घेतलेल्या जागांची. हे कोटे मुळातच छोटे, त्यामुळे GNWL 22 सुटेल तिथे PQWL 22 जागचा हलणार नाही. तत्काळच्या TQWL ला तर आरएसीचा थांबाच नसतो. तिकीट थेट कन्फर्म होतं, नाहीतर वेटिंगवरच राहतं.

आठवडाभर ढिम्म असलेला आकडा चार्ट बनताना एकदम उडी मारतो. अधिकाऱ्यांसाठी किंवा तातडीच्या गरजेसाठी राखलेल्या आणि न वापरलेल्या जागा तेव्हा रांगेला मिळतात. पण सणाच्या गर्दीत त्या भरून जातात, म्हणून तेव्हा या उडीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

चार्टनंतर आरएसी राहिलं तर खुशाल गाडीत चढा; कुणी आलंच नाही, तर टीसी तो बर्थ आधी आरएसीवाल्याला देतो. ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच प्रवासी वेटिंगवर राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत येतात. ते दाखवून आरक्षित डब्यात चढलात, तर विनातिकीट ठरून दंड भरावा लागतो.