‘लाल झालंय’ म्हणजे नेमकं किती?

हाताच्या शिरेत सलाईनसाठी घातलेली प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत इंट्राकॅथ, काही रुग्णांना चांगलाच त्रास देते. शीर ठणकते, कातडी लाल होते, हात सुजतो. हा फ्लेबायटिस. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला गटाने करायच्या प्रकल्पासाठी हा विषय सोयीचा असतो, कारण रुग्ण समोर असतात आणि खर्च फारसा येत नाही. मेडिकल वॉर्डातल्या प्रौढ रुग्णांमध्ये इंट्राकॅथ किती वेळ राहिला आणि त्यातून कोणती औषधं गेली, याचा फ्लेबायटिसशी काही संबंध दिसतो का, असा प्रश्न घेऊन एक गट सिनॉप्सिस लिहायला बसला आहे असं समजू.

सिनॉप्सिसमध्ये ‘व्याख्या’ असा एक मथळा असतोच. त्याखाली बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातलं वाक्य उतरतं: फ्लेबायटिस म्हणजे शिरेच्या आतल्या अस्तराचा दाह. वाक्य बरोबर आहे, पण सकाळी आठ वाजता सात नंबरच्या खाटेपाशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग शून्य. शिरेचं अस्तर तिला दिसत नाही. दिसतो तो एक हात, त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीच्या कडेला जरासा लालसरपणा. याला ‘आहे’ म्हणायचं की ‘नाही’, हे ठरवून देणारं वाक्य म्हणजे कार्यात्मक व्याख्या. कल्पनेचा अर्थ मोजण्याच्या कृतीतूनच ठरवावा, हा आग्रह अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९२७ सालच्या आपल्या पुस्तकात धरला. त्यांच्यापुढे लांबीसारख्या राशी होत्या. हाताची लाली त्याहून कितीतरी निसरडी आहे.

सुदैवाने या लालीसाठी मोजपट्टी तयार आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ साली व्हीआयपी स्कोअर मांडला. त्यात शून्य ते पाच असे गुण आहेत. जागा निरोगी दिसली तर शून्य. किंचित दुखणं किंवा किंचित लाली असेल तर एक. दुखणं, लाली आणि सूज या तिन्हींपैकी कोणतीही दोन असली तर दोन, आणि हीच फ्लेबायटिसची सुरुवात. पुढे नळीच्या मार्गावर दुखणं, कडकपणा, हाताला लागणारी दोरीसारखी शीर आणि ताप अशी चढती पायरी आहे. म्हणून गटाची व्याख्या अशी लिहिता येते: ‘व्हीआयपी स्कोअर दोन किंवा त्याहून अधिक आला, तर त्या इंट्राकॅथच्या जागी फ्लेबायटिस आहे असे मानले जाईल.’ गाईड बाई यावर सही करतीलही. तरी काम इथे संपत नाही.

पहिली अडचण अशी की सुजलेला आणि दुखणारा प्रत्येक हात फ्लेबायटिसचा नसतो. नळी शिरेतून निसटली आणि सलाईन आजूबाजूच्या मांसात उतरलं, तरी हात सुजतो आणि दुखतो. दोन लक्षणं झाली, स्कोअर दोन, आणि तक्त्यात फ्लेबायटिस! प्रत्यक्षात तो इन्फिल्ट्रेशनचा प्रकार. फरक हाताला कळतो: फ्लेबायटिसची जागा उबदार लागते, सलाईन उतरलेली जागा बहुधा गार आणि फिकट असते, पट्टीखालून पाणीही झिरपतं. म्हणून व्याख्येत आणखी एक ओळ हवी, की गार, फिकट किंवा झिरपणारी सूज वेगळ्या रकान्यात नोंदवली जाईल आणि फ्लेबायटिसमध्ये धरली जाणार नाही. निरीक्षणाच्या कागदावर ‘स्पर्श: उबदार / नेहमीसारखा / गार’ हा रकाना त्या एका ओळीमुळे येतो. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करायची, हेही लिहून ठेवावं लागतं. चिकटपट्टी पारदर्शक नसेल तर काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. केवळ प्रकल्पासाठी रुग्णाची पट्टी उचकटायची नसते. अशा वेळी पट्टी बदलण्याच्या वेळेला पाहणी जोडून घेणं बरं.

दुखणं तर डोळ्यांना दिसतच नाही. ते विचारावं लागतं. एका विद्यार्थिनीने ‘काही त्रास नाही ना?’ असं विचारलं आणि दुसरीने ‘इथे खूप दुखतंय का?’ असं विचारलं, तर एकाच आजींकडून दोन उत्तरं येतील. शिवाय ‘दुखत नाही गं, नुसतं चरचरतंय’ म्हणणाऱ्या आजी प्रत्येक वॉर्डात भेटतात. तेव्हा प्रश्नाचं वाक्य ठरवून कागदावर छापायचं: ‘आजी, सुई लावली आहे तिथे आत्ता दुखणं, आग, चरचर किंवा ठणका यांपैकी काही जाणवतंय का?’ यातल्या कशालाही होकार आला की दुखणं ‘आहे’. बेशुद्ध किंवा भानावर नसलेल्या रुग्णाला हे विचारता येत नाही. त्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणं ही सरळ चूक. एक तर असे रुग्ण अभ्यासात घ्यायचे नाहीत, नाही तर ‘विचारता आले नाही’ हा तिसरा पर्याय ठेवायचा.

दुसरा चल आहे इंट्राकॅथ राहण्याचा काळ. तो अगदी सोपा वाटतो, आणि तिथेच घोळ होतो. सोमवारी रात्री ११ वाजता घातलेला इंट्राकॅथ गुरुवारी सकाळी ७ वाजता काढला. तारखा मोजल्या तर सोम, मंगळ, बुध, गुरू असे चार दिवस भरतात. घड्याळाने मात्र ५६ तास. दुसऱ्या रुग्णाचा मंगळवारी सकाळी ६ ला घातला आणि गुरुवारी रात्री ११ ला काढला. हे दिवस तीन, पण तास ६५. दिवसांच्या हिशेबात जास्त काळ राहिलेला इंट्राकॅथ तासांच्या हिशेबात कमी काळ राहिलेला निघतो. म्हणून व्याख्या तासांत करायची: घातल्याच्या नोंदीपासून काढल्याच्या नोंदीपर्यंतचे पूर्ण तास.

आता ही वेळ आणायची कुठून? पट्टीवर तारीख-वेळ लिहिण्याची पद्धत आहे, पण कॅज्युअल्टीत घाईत लावलेल्या इंट्राकॅथच्या पट्टीवर पुष्कळदा काहीच नसतं. केस पेपरवर दाखल होण्याची वेळ असते, ती घातल्याची वेळ नव्हे. रुग्णाला विचारलं तर ‘काल संध्याकाळी’ एवढंच कळतं. कोणता आधार आधी आणि कोणता नंतर, हा क्रम व्याख्येतच यायला हवा: पट्टीवरची वेळ, ती नसेल तर नर्सेस नोट्समधली, दोन्ही नसतील तर तो इंट्राकॅथ या चलापुरता वगळायचा. अंदाजाने भरलेले तास शेवटी सरासरीत मिसळून जातात आणि मग ते कुणालाच ओळखू येत नाहीत.

तिसऱ्या चलाने मात्र साधनाची खरी परीक्षा होते. ‘शिरेला त्रास देणारी औषधे’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणं सोपं. व्याख्येसाठी यादी हवी: पोटॅशियम क्लोराईड, व्हॅन्कोमायसिन, फेनिटॉइन, अमिओडॅरोन वगैरे. यातलं व्हॅन्कोमायसिन बरंच आम्ल असतं, फेनिटॉइन उलट तीव्र अल्कधर्मी. शिरेच्या अस्तराला दोन्ही सोसत नाहीत. ‘यादीतल्या औषधाचा किमान एक डोस या इंट्राकॅथमधून गेला’ अशी व्याख्या झाली. साधन म्हणून ट्रीटमेंट शीटवरून माहिती उतरवायची ठरलं. ट्रीटमेंट शीटवर औषध, मात्रा आणि वेळ असते. पण रुग्णाच्या दोन्ही हातांना इंट्राकॅथ असतील, तर डोस कोणत्या हातातून गेला हे तिथे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणजे व्याख्या नेमकी आहे, आणि ती ज्या साधनावर उभी आहे त्यात उत्तरच नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर औषध देताना हात नोंदवणारी छोटी चिठ्ठी खाटेला लावायची आणि ड्युटीवरच्या सिस्टरांची त्यासाठी परवानगी घ्यायची. किंवा एका वेळी एकच इंट्राकॅथ असलेले रुग्ण घ्यायचे. छोट्या प्रकल्पाला दुसरी वाट परवडते, मग गंभीर रुग्ण हातून निसटले तरी चालतील. मात्र ते निसटले, हे अहवालात लिहावं लागतं.

त्याच ओघात मोजायचं काय, रुग्ण की इंट्राकॅथ, हेही ठरून जातं. आठवड्यात तीन इंट्राकॅथ लागलेला रुग्ण तक्त्यात एकदा यायचा की तीनदा? नवख्या गटासाठी प्रत्येक रुग्णाचा पहिलाच इंट्राकॅथ घेणं सुटसुटीत. तीनही घेतले तर ते एकाच माणसाच्या शिरा असतात, एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि मग आकडेमोडीचं साधं सूत्र लागू पडत नाही.

साधन निवडलं तरी ते दोन माणसांच्या हाती सारखं चालतं का, हे पायलटमध्ये पाहतात. दोन विद्यार्थिनींनी एकमेकींना न सांगता तेच २० इंट्राकॅथ पाहिले, असं धरू. १५ ठिकाणी दोघींचं ‘नाही’, दोन ठिकाणी दोघींचं ‘आहे’, तीन ठिकाणी मतभेद. एकमत ८५ टक्के, गट खूश. पण फ्लेबायटिस मुळात थोड्याच जागी असतो, त्यामुळे दोघींनी डोळे मिटून बहुतेक ठिकाणी ‘नाही’ लिहिलं तरी मतं जुळणारच. पहिलीचे ‘आहे’ तीन आणि दुसरीचे चार असतील, तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या मतांचा वाटा ७१ टक्के निघतो. तो वजा करून मोजणारा आकडा म्हणजे कोहेनचा कप्पा. इथे तो ०.४८ येतो, मध्यम म्हणावा असा. तेव्हा ते तीन मतभेदाचे हात दोघींनी पुन्हा एकत्र पाहायचे. बहुधा भांडण ‘किंचित’ या शब्दावर असतं. लालीची रुंदी पारदर्शक पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि किती रुंदीपासून लाली धरायची ते ठरवायचं, की ते मिटतं. पायलटमधले हे २० इंट्राकॅथ मुख्य अभ्यासात धरत नाहीत.

एक मर्यादा मात्र कोणत्याही व्याख्येने टळत नाही. स्कोअर दोन आला की पाहणाऱ्या विद्यार्थिनीने सिस्टरांना सांगायलाच हवं आणि इंट्राकॅथ काढून दुसरीकडे लावायला हवा. स्कोअरच्या तक्त्यातच तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘फ्लेबायटिसची तीव्रता’ असा चल घेणाऱ्या गटाला चार-पाचचे आकडे क्वचितच मिळतील, आणि तसंच असायला हवं. असा चल सिनॉप्सिसमधून काढून टाकलेला बरा.

फ्लेबायटिस कधी कधी इंट्राकॅथ काढल्यावरही उमटतो. म्हणून काढल्यानंतर ४८ तासांनी पुन्हा पाहायचं, असं गट ठरवतो. तोवर अर्धे रुग्ण घरी गेलेले असतात. त्यांना फोन केला तर दुखणं विचारता येतं, लाली आणि सूज त्यांच्याच शब्दांत कळते, पण स्पर्श कळत नाही आणि पट्टी लावून मोजताही येत नाही. म्हणून फोनवरच्या उत्तरांसाठी वेगळा कागद करायचा. त्यावर रुग्णाने सांगितलेलं लिहायचं आणि व्हीआयपी स्कोअरचा रकाना ठेवायचाच नाही.