‘यू’ची वाट पाहू नका

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर टाइल्स असतात. त्यांत ‘क्यू’ एकच, ‘यू’ चार आणि कोऱ्या टाइल्स दोन. शाळेत आपण शिकतो की इंग्रजीत ‘क्यू’च्या मागोमाग ‘यू’ येतोच. त्यामुळे ‘क्यू’ हातात आला की नवखा खेळाडू ‘यू’ची वाट पाहत बसतो. दोन-तीन खेळ्या जातात, तरी ‘क्यू’ रॅकवरच असतो. या काळात तो सातऐवजी सहाच टाइल्सवर खेळत असतो, आणि नुकसान खरं तिथेच होतं.

यातून सोडवणारा शब्द दोनच अक्षरांचा आहे: क्यू-आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारात शरीरात वाहणाऱ्या प्राणशक्तीला हे नाव आहे. अमेरिकेत स्पर्धांसाठी वापरतात त्या यादीत तो २००६ साली दाखल झाला. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या शब्दयादीवर चालतात, आणि तिथेही तो चालतो. त्याला ‘एस’ लावून तीन अक्षरीही करता येतो.

आता एक रॅक पाहू. समजा तुमच्याकडे ए, ई, आय, एन, आर, टी आणि क्यू आहेत. बोर्डावर एक ‘आय’ आहे आणि त्याच्या अलीकडचं घर रिकामं आहे. तिथे ‘क्यू’ ठेवला की शब्द तयार. त्याचे दहा आणि एक मिळून ११ गुण. बोर्डावरचा ‘आय’ वापरल्यामुळे तुमची एकच टाइल खर्च झाली आणि हातात ए, ई, आय, एन, आर, टी उरले. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये यापेक्षा लवचीक सहा अक्षरं क्वचितच मिळतील. पिशवीतून ‘एस’ आला तर ‘रिटेन्स’, ‘डी’ आला तर ‘ट्रेन्ड’, ‘जी’ आला तर ‘टीअरिंग’, ‘एल’ आला तर ‘रिलायन्ट’. प्रत्येक शब्द सात अक्षरी. बोर्डावर त्याला जागा असली, तर सगळ्या टाइल्स एकदम लावल्याचे ५० गुण वरती मिळतात. म्हणून छोट्या शब्दाची किंमत त्याच्या गुणांवरून करू नये. तो लावल्यावर रॅकवर काय उरतं, ते आधी पाहावं.

अर्थात गुणही कमी नसतात. ‘क्यू’ अक्षराची किंमत तिप्पट करणाऱ्या घरावर पडला, उजवीकडे तुमचा ‘आय’ आणि खाली बोर्डावरचा ‘आय’ आला, तर आडवा आणि उभा असे दोन शब्द होतात. ‘क्यू’ दोन्हीकडे तिपटीने मोजला जातो. ३१ आणि ३१ मिळून ६२ गुण, तेही फक्त दोन टाइल्समध्ये!

‘आय’ नसेल तर ‘क्यू-ए-टी’ आठवावा. येमेन, इथिओपियाकडे ज्याची पानं चघळतात, त्या झुडपाचं हे नाव. याहून लांब शब्दांत मात्र मराठी माणसाला एक फायदा आहे. अरबीतला ‘काफ’ हा खोल गळ्यातला वर्ण रोमन लिपीत बहुधा ‘क्यू’ने लिहितात, आणि त्या वाटेने आलेले कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. तलाक म्हणजे टी-ए-एल-ए-क्यू. फकीर म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर. काजी हा क्यू-ए-डी-आय असाही लिहिला जातो. कव्वाली कॉलिन्सच्या यादीत आहे, कोरमाही आहे. यांपैकी एकातही ‘यू’ नाही. अर्थ पाठच आहेत, स्पेलिंग तेवढी शिकायची.

मात्र कतार आणि इराक लावू नका. विशेषनामं चालत नाहीत. बुद्ध्यांकासाठी आपण सर्रास वापरतो तो ‘आय-क्यू’ही नाही, कारण ते संक्षिप्त रूप आहे. प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिलं तर टाइल्स उचलाव्या लागतात आणि खेळी वाया जाते.

यांपैकी काहीच जमत नसेल तर ‘क्यू’ बदलून घ्यावा. घरगुती नियमांनुसार पिशवीत निदान सात टाइल्स शिल्लक असल्या तरच हे करता येतं. त्यात खेळी जाते, म्हणून लोक कचरतात. पण चारही ‘यू’ बोर्डावर दिसत असतील, तर वाट पाहण्यात अर्थच उरत नाही. डाव संपताना ‘क्यू’ हातात राहिला तर तुमचे १० गुण कापले जातात. आणि समोरच्याने आपल्या टाइल्स आधी संपवल्या असतील, तर तेच १० त्याच्या खात्यात जमा होतात. फरक २० गुणांचा पडतो. अटीतटीच्या डावात तेवढ्याने निकाल फिरतो.

‘व्ही’ची गोष्ट वेगळी आहे. ‘व्ही’ असलेला दोन अक्षरी शब्द यादीत एकही नाही, त्यामुळे त्याला अशी चोरवाट नाही. ‘क्यू’ला ती आहे. पुढचा डाव मांडण्याआधी ‘क्यू-आय’ आणि ‘क्यू-ए-टी’ एवढे दोन शब्द तरी पाठ करून बसा.