‘आलं, आलं!’ इंग्रजीत कसं ओरडायचं?

बाहुलीनाट्याच्या संहितेत एक पात्र छापलेलं नसतं. ते म्हणजे समोर सतरंजीवर बसलेली पोरं. बाहुलीने विचारायचं, पोरांनी ओरडायचं आणि त्या ओरडण्यावर पुढची हालचाल व्हायची, असा हा खेळ असतो. म्हणून मराठी खेळ इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी उतरवताना खरी कसोटी लागते ती मुलांच्या वाक्याची. बाहुलीचं वाक्य थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. मुलांचं वाक्य जमलं नाही तर खेळ तिथेच बसतो.

त्यासाठी हातात घालायच्या बाहुल्यांचा एक छोटा प्रसंग घेऊ. पेरू विकणारे आजोबा आहेत, त्यांना जरा कमी ऐकू येतं. मागे झाडावर माकड आहे. आजोबा विचारतात, “माकड आलं का रे?” मुलं ओरडतात, “आलं, आलं!” आजोबा वळतात, तोवर माकड खाली दडलेलं. दुसऱ्यांदा मुलं “आलं!” म्हणतात तेव्हा आजोबा खूश होतात, “आलं? अरे वा, चहात टाकायला झालं!” आणि चहा ठेवायला आत जातात. तेवढ्यात माकड पेरू पळवतं. तिसऱ्या वेळी वाद जुंपतो: “नाही आलं!” “आलं!” “नाही आलं!” “आलं!” शेवटी पारडं फिरतं. माकडच मुलांना विचारतं, “आजोबा आले का?” आणि मुलं आनंदाने चोराला सांगतात, “आले, आले!”

आता इंग्रजी. ‘हॅज द मंकी कम?’ असा शब्दशः प्रश्न केला तर उत्तर ‘येस, इट हॅज’ असं येतं. मराठीत प्रश्नातलं क्रियापद उचललं की उत्तर तयार होतं, इंग्रजीत तसं होत नाही. शिवाय नुसतं ‘येस’ ‘स’वर संपतं, ते लांबवता येत नाही. पन्नास मुलं एका सुरात ओरडायला हवी असतील तर आरोळी दोन-तीन ठोक्यांची आणि शेवटी ताणता येईल अशा स्वराची हवी. म्हणून इथे प्रश्नच बदलावा: ‘व्हेअर इज द मंकी?’ उत्तर: ‘बिहाइंड यूऽऽ!’ इंग्लंडमध्ये नाताळाच्या सुमारास मुलांसाठी होणाऱ्या पँटोमाइम नाटकांत ‘ही इज बिहाइंड यू!’ ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आरोळी आहे, म्हणजे ती इंग्रजीच्या तोंडात बसलेली आहे. शिवाय तिच्यात बाहुलीला करायची कृतीही आहे. ‘मागे’ म्हटलं की आजोबांनी वळायचंच. तिसऱ्या वेळच्या वादालाही त्याच परंपरेत जोड सापडते. आजोबा ठासून सांगतात, ‘देअर इज नो मंकी हिअर!’ मुलं म्हणतात, ‘ओ येस, देअर इज!’ आजोबा, ‘ओ नो, देअर इझन्ट!’ इथे एकच नवीन वाक्य शिकवायचं आहे. एका खेळात दोनपेक्षा जास्त आरोळ्या ठेवल्या की लहान मुलं गोंधळतात.

आरोळीच्या शब्दांत मात्र काडीचाही फरक करायचा नाही. लिहिणाऱ्याला एकच वाक्य चौथ्यांदा लिहिताना कंटाळा येतो आणि तो कुठे ‘अॅट युअर बॅक’, कुठे ‘लुक बिहाइंड’ करतो. वाचायला ते बरं वाटतं, पण मुलं अडखळतात. अर्धी जुनं ओरडतात, अर्धी गप्प बसतात.

विनोदाचं काम याहून अवघड आहे. आल्याची कोटी इंग्रजीत जाणं शक्य नाही. ती समजावून सांगणारं वाक्य घातलं तर विनोद मरतो. अशा वेळी विचार करायचा की हा विनोद प्रसंगात काय काय कामं करतो? इथे तो तीन कामं करतो. मुलांचंच ओरडणं आजोबांना चुकीचं ऐकू येतं, त्यामुळे हसू येतं. आजोबा आत जातात, त्यामुळे माकडाला संधी मिळते. आणि आतून चहाबद्दल बडबड चालू असते, तेवढ्या वेळात पडद्याआडच्या कलाकाराला हातातली बाहुली बदलता येते. नव्या विनोदाने ही तिन्ही कामं करायला हवीत.

‘बिहाइंड यू’ची सुरुवात ‘बी’ने होते. तेव्हा आजोबा दचकून म्हणतात, ‘अ बी? ऑन मी?’ म्हणजे माझ्या अंगावर मधमाशी? मग टोपी झटकत, स्वतःच्याच पाठीवर थापा मारत ते छत्री आणायला आत पळतात आणि आतून ‘शू! शू!’ चालू राहतं. चहाची किटली गेली, छत्री आली. ही नोंद सामानाच्या यादीतही करावी लागते, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी आजोबा किटली घेऊन वर येतात. पुण्या-मुंबईच्या शाळेसाठी दुसरा पर्यायही आहे: ‘भिंडी? आय सेल ग्वावाज!’ भेंडीला भिंडी म्हणणारी मुलं खळखळून हसतील. पण लंडन किंवा न्यू जर्सीतल्या वर्गात मराठी मुलांशेजारी इतरही मुलं बसलेली असतात, तिथे मधमाशीच बरी.

तिसरी अडचण वाक्यरचनेची. हातातल्या बाहुलीचे ओठ हलत नाहीत. बोलणारा कोण, हे हालचालीवरूनच कळतं, आणि ठळक हालचाल बहुधा शेवटच्या शब्दावर येते. आजोबा म्हणतात, “टोपलीत एकही पेरू नाही!” आणि ‘नाही’वर टोपली उलटी करतात. इंग्रजीत ‘देअर इज नॉट अ सिंगल ग्वावा इन द बास्केट’ केलं की नकार आधीच येऊन जातो आणि टोपली नंतर उलटते. हसू फुटायच्या जागी मुलं नुसती बघत राहतात. त्यासाठी वाक्य तोडायचं: ‘माय ग्वावाज? ऑल... गॉन!’ शब्द सोपे झाले, बातमी शेवटी आली आणि हालचाल जागेवर राहिली.

मग ज्या मुलांचं इंग्रजी अजून कच्चं आहे, त्यांचं काय? याचं उत्तर जुन्या परंपरांत आहे. राजस्थानच्या कठपुतळीत बाहुली ‘बोली’ नावाच्या शिट्टीतून चिरक्या आवाजात बोलते आणि ढोलक वाजवणारी व्यक्ती तिचं म्हणणं प्रेक्षकांना सांगते. इंग्लंडच्या पंच-ज्युडीतही पडद्याबाहेर उभा राहणारा साथीदार असतो, त्याला ‘बॉटलर’ म्हणतात. आपल्या खेळातही एक ताई किंवा दादा पडद्यापुढे उभे करावेत. सुरुवातीला त्यांनी मुलांकडून आरोळी दोनदा घोटून घ्यावी. पुढे प्रत्येक वेळी आजोबांना विचारावं, ‘डिड यू हिअर देम? दे सेड, बिहाइंड यू!’ वाक्य पुन्हा कानावर पडतं आणि मागे राहिलेली मुलंही सामील होतात.

भाषांतरात काही हातचं जातंच. ‘अरे’, ‘अगं’ यांतली माया, ‘आजोबा’ या हाकेतला जिव्हाळा ‘ग्रँडपा’त येत नाही. म्हणून ‘आजोबा’ हे नाव तसंच ठेवावं, मुलं ते लगेच उचलतात. पण कधी कधी काही हाती लागतंही. मराठीत शेवटच्या प्रसंगात ‘आलं’चं ‘आले’ होतं, आरोळी किंचित बदलते. इंग्रजीत माकड विचारतं, ‘व्हेअर इज आजोबा?’ आणि मुलं तीच, अगदी तीच आरोळी देतात: ‘बिहाइंड यू!’ खेळभर आजोबांना वाचवणारं वाक्य आता माकडाच्या कानी पडतं. इथे इंग्रजी खेळ मूळ मराठीपेक्षा जास्त रंगतो.

संहिता पुरी झाली की बाहुल्या न घालता ती एका वर्गात मोठ्याने वाचून पाहावी. दुसऱ्या आरोळीला निम्मा वर्ग गप्प असेल तर आरोळी लांब आहे. मुलं एकत्र सुरू करून वेगवेगळी संपवत असतील तर ठोके चुकले आहेत. आणि मागे उभ्या असलेल्या बाई हसताहेत, मुलं मात्र बाईंकडे बघताहेत, असं दिसलं तर तो विनोद मोठ्यांसाठी झाला आहे. तो काढून टाकावा आणि मुलांच्या कानाला काय काय चुकीचं ऐकू येऊ शकतं, हे पुन्हा शोधायला बसावं.